परदेशातल्या फीवर बँकेने घेतलेला टीसीएस परत कसा मिळवायचा?

प्रश्न: मुलगी यूकेत मास्टर्स करतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये १२ लाख आणि आता जानेवारीत ९ लाख माझ्या खात्यातून पाठवले. बँकेने दोन्ही मिळून ५५ हजार टीसीएस घेतला. पगारातून दरमहा ३० हजार टीडीएस जातोच. हे पैसे रिटर्न भरल्यावरच मिळणार का? (ऐरोली)

उत्तर:

नाही, तेवढं थांबायची गरज नाही. वाशीतल्या एका बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काम केलंय. हा प्रश्न विचारणारे पालक तिथे रोज यायचे, आणि त्यातल्या बहुतेकांना सोपा रस्ता कुणी सांगितलेलाच नसायचा.

आधी बँकेचा हिशोब बघू. तो बरोबर आहे. २०२५-२६ या वर्षात एका पॅनवर, सगळ्या बँका मिळून, १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. त्यावरच्या शिक्षणाच्या रकमेवर ५ टक्के. ऑगस्टच्या १२ लाखांतले २ लाख मर्यादेबाहेर गेले, त्याचे १० हजार. जानेवारीत मर्यादा उरलीच नव्हती, म्हणून पूर्ण ९ लाखांवर ४५ हजार. हा वेगळा कर नाही, तुमच्या आयकरात आगाऊ जमा झालेली रक्कम आहे. मात्र बँकेने चलन बदलण्यावर घेतलेला जीएसटी आणि पाठवणीचे चार्जेस परत मिळत नाहीत.

आता सोपा रस्ता. ऑक्टोबर २०२४ पासून पगारदाराला आपला टीसीएस मालकाला कळवता येतो, आणि तेवढा टीडीएस पगारातून कमी कापला जातो. त्यासाठीचा फॉर्म 12BAA. त्यात बँकेचं नाव, पत्ता, टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर आणि रक्कम भरून ऑफिसच्या पेरोलकडे या आठवड्यातच द्या, कारण मार्चच्या पगारानंतर हा रस्ता बंद. पेरोलवाले पुरावा म्हणून बँकेचं टीसीएसचं 27D सर्टिफिकेट मागतील. ऑगस्टचं बँकेकडून मिळेल, पण जानेवारी ते मार्च या तिमाहीचं मे अखेरपर्यंत येत नाही. तोवर जानेवारीच्या व्यवहाराची डेबिट अ‍ॅडव्हाइस जोडा, त्यावर टीसीएस वेगळा दाखवलेला असतो. फेब्रुवारी आणि मार्चचा मिळून तुमचा टीडीएस ६० हजार होतो, त्याऐवजी ५ हजारच कापला जाईल. ५५ हजार तिथेच हातात आले.

पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण इथेच लोक फसतात. पगारात फायदा मिळाला म्हणून रिटर्नमध्ये टीसीएस सोडून द्यायचा नाही. तुमचा वर्षाचा कर ३ लाख ६० हजार धरला, तर फॉर्म १६ मध्ये टीडीएस ३ लाख ५ हजारच दिसेल. उरलेले ५५ हजार रिटर्नमधल्या Schedule TCS या भागातूनच यायला हवेत. ती ओळ राहिली तर खात्याकडून ५५ हजारांची मागणीची नोटीस येते. रक्कम बहुधा आधीच भरलेली असते, पण या वर्षी क्लेम करायच्या रकमेचा रकाना उघडून तिथे शून्य नाही ना, हे स्वतः बघा. पेरोलने फॉर्म घेतलाच नाही, तर याच ओळीतून पूर्ण ५५ हजारांचा रिफंड मागायचा.

रिटर्न भरायची घाई एप्रिलमध्ये करू नका. बँक शेवटच्या तिमाहीचं विवरण १५ मेपर्यंत भरते, त्यानंतरच 26AS या तुमच्या नावावर जमा कराच्या पत्रकात ४५ हजार दिसतात. जून उजाडला तरी दिसले नाहीत, तर बँकेत पॅन चुकीचा नोंदला गेलाय का ते विचारा. ती दुरुस्ती बँकेलाच करावी लागते.

पुढचा हप्ता शक्य असेल तर एप्रिलमध्ये पाठवा, १० लाखांची मर्यादा नव्याने सुरू होते. पत्नीकडे स्वतःची बचत असेल तर काही रक्कम त्यांच्या खात्यातून, त्यांच्या पॅनवर जाऊ द्या. जानेवारीचे ९ लाख तसे गेले असते, आणि त्यांनी वर्षात बाहेर दुसरं काही पाठवलं नसतं, तर ४५ हजार कापलेच गेले नसते. त्यांचं उत्पन्न करपात्र नसलं तरी वर्षात टीडीएस आणि टीसीएस मिळून २५ हजार किंवा जास्त झाला तर (ज्येष्ठ नागरिकांना ५० हजार) रिटर्न भरणं बंधनकारक आहे, आणि रिफंडही त्यांच्याच खात्यात येतो. मुलीच्या खात्यातून पाठवायचा विचार मात्र सोडा. शिकायला बाहेर गेल्यावर फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात ती अनिवासी धरली जाते, आणि ही सवलत निवासींनाच आहे.

आणि पैसे पाठवताना भरायच्या A2 फॉर्मवर हेतूचा कोड S0305 आहे ना ते सही करण्याआधी वाचा. भाडं, जेवणखाण यांचे पैसेही शिक्षणाच्याच खर्चात बसतात. काउंटरवर घाईत ते कुटुंबाच्या निर्वाहासाठी म्हणून S1301 वर टाकले गेले, तर २०२५-२६ च्या दराने मर्यादेवरच्या रकमेवर ५ ऐवजी २० टक्के कापले जातात. सोबत युनिव्हर्सिटीचं पत्र किंवा हॉस्टेलचं बिल ठेवा, म्हणजे काउंटरवर वाद होत नाही.