पीएफची थकबाकी आणि नावापुरता डायरेक्टर

प्रश्न: "उद्यमबागला दाजींची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती, मी त्यात नावापुरता डायरेक्टर. 2019 च्या डिसेंबरात राजीनामा दिला. आता पीएफ ऑफिसकडून माझ्या नावावर वसुलीची नोटीस आलीय. कामगारांचे पगार आणि जीएसटीही थकलेत म्हणे. माझं राहतं घर जाऊ शकतं का?"

उत्तर:

जाऊ शकतं, पण लगेच नाही आणि तिन्ही थकबाक्यांसाठी सारखं नाही. तुमच्या नोटिशीत सगळ्यात धोक्याचा भाग पीएफचा आहे, म्हणून बराचसा वेळ त्यावरच घालवतो. मी बेळगावात कारखान्यांची लेबर आणि टॅक्सची कामं बघतो. दाजी, मेव्हणा, काका अशा नात्यातून झालेले डायरेक्टर आमच्याकडं नोटीस घेऊन नेहमी येतात. आणि "मी फक्त सही करायचो" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं.

आधी पगाराचं सांगतो, ते थोडक्यात आहे. थकलेला पगार हे कंपनीचं देणं. कामगार लेबर खात्यात गेला, वसुलीचा दाखला निघाला आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला गेला, तरी त्यावर नाव कंपनीचंच असतं. कंपनीत पैसा नाही म्हणून तहसीलदार सरळ डायरेक्टरच्या घरी येत नाही. खटला मात्र वेगळी गोष्ट. कारभार प्रत्यक्ष ज्याच्या हाती होता त्याच्यावर तो होऊ शकतो.

पीएफचा कायदा कंपनीपाशी थांबत नाही, तो "मालक" शोधतो. 1952 च्या कायद्यात कारखान्याच्या बाबतीत मालक म्हणजे कारखान्याचा धनी किंवा ऑक्युपायर. ऑक्युपायर म्हणजे कारखान्यावर अखेरचा ताबा असलेला माणूस. आता हा कोण, ते फॅक्टरी लायसन्सवर लिहिलेलं असतं. कंपनीचा कारखाना असेल तर फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे तो कुणीतरी डायरेक्टरच असावा लागतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असा: दाजींच्या कारखान्याच्या लायसन्सवर ऑक्युपायर म्हणून फोटो आणि सही कुणाची होती? दाजींची असेल तर तुमच्या बाजूनं बोलायला जागा आहे. तुमची असेल तर "नावापुरता" हा शब्द सुनावणीत उच्चारूच नका.

दुसरा कागद म्हणजे फॉर्म 5ए. पीएफचा कोड नंबर मिळाल्यावर मालक, डायरेक्टर, मॅनेजर, कारभारावर ताबा असलेली माणसं यांची नावं ज्यात भरून द्यायची असतात तो हा फॉर्म. नावांत बदल झाला की तोही कळवायचा असतो, आणि हे कुणीच करत नाही. हा कागद किती जड असतो ते पाहायचं तर म्हैसूरचं उदाहरण घ्या. श्रीकांतदत्त नरसिंहराज वडियार एका कंपनीचे डायरेक्टर होते. तिथं पीएफ थकला, खटला झाला, आणि 1993 मध्ये सुप्रीम कोर्टानं फॉर्म 5ए मध्ये त्यांचं नाव कारभार बघणाऱ्यांत आहे म्हणून खटला रद्द करायला नकार दिला. राजघराण्यातल्या माणसालाही कंपनीनंच भरून दिलेल्या एका फॉर्मनं अडकवलं. उलट 1998 मध्ये ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, प्रकरणात त्याच कोर्टानं म्हटलं की कारखाना कंपनीच्या मालकीचा असेल तर मालक कंपनीच, त्यामुळं निव्वळ डायरेक्टर आहे म्हणून कामगारांच्या पगारातून कापलेल्या वर्गणीच्या अफरातफरीचा गुन्हा त्याच्यावर लावता येत नाही. म्हणजे डायरेक्टर या पदापेक्षा कुठल्या कागदावर कुठल्या भूमिकेत तुमचं नाव आहे, यावर बरंच ठरतं.

आता रक्कम कशी फुगते ते बघा. आमच्याकडच्याच एका मशीन शॉपचं गणित देतो, आकडे सोयीसाठी गोल केलेत. 30 कामगार, प्रत्येकाचा बेसिक आणि डीए मिळून 12,000. कामगाराचा हिस्सा 12 टक्के म्हणजे 1,440. कंपनीचा 12 टक्के, त्यावर विम्याचा अर्धा आणि प्रशासनाचा अर्धा टक्का, मिळून 1,560. एका माणसामागं महिन्याला बरोबर 3,000 आणि तीस जणांचे 90,000. जून 2018 ते मार्च 2019 असे दहा महिने भरलेच नाहीत, तर मूळ रक्कम 9 लाख. त्यातले 4 लाख 32 हजार कामगारांच्या पगारातून कापलेले. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते आणि चलन मात्र नाही, ही सगळ्यात वाईट परिस्थिती. पैसा कंपनीचा नव्हताच, कामगाराचा होता, म्हणून तिथं फौजदारी विश्वासघाताचं कलम येतं.

या 9 लाखांवर 12 टक्के सरळ व्याज. उशीर सरासरी तीन वर्षांचा धरला तर 3 लाख 24 हजार. शिवाय दंडाची रक्कम वेगळी, तिला डॅमेजेस म्हणतात. त्या काळच्या दरानं सहा महिन्यांवरच्या उशिराला वर्षाला 25 टक्के, म्हणजे तीन वर्षांचे 6 लाख 75 हजार. एकूण 18 लाख 99 हजार. जून 2024 पासूनच्या थकबाकीला हा दर महिन्याला 1 टक्का इतका उतरला आहे, पण जुन्या महिन्यांना जुनाच दर लावतात. तसंच नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या असल्या तरी तुमचे महिने त्याआधीचे आहेत, म्हणून मी जुन्याच कायद्याबद्दल बोलतोय.

त्या मशीन शॉपमध्ये पुढं काय झालं, ते तुमच्या उपयोगाचं आहे. वसुली अधिकाऱ्याला घर, जमीन, बँक खातं जप्त करायचे अधिकार आहेत, मालकाला अटक करून डांबायचेही आहेत. पण कलम 8बी मध्ये एक अट आहे: आधी कंपनीची मालमत्ता विकायची, ती पुरली नाही तरच मालकाच्या खासगी मालमत्तेला हात लावायचा. या अटीचा फायदा आपोआप मिळत नाही. कंपनीकडं काय आहे हे अधिकाऱ्याला कोण सांगणार? डायरेक्टरच्या घराचा सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढणं त्याला सोपं, कंपनीची येणी शोधणं अवघड. आम्ही त्याला ती यादी लेखी दिली. कोल्हापूरच्या एका गिऱ्हाईकाकडं कास्टिंगच्या मशीनिंगचे पैसे अडकले होते. कंपनीला देणं असलेल्या माणसाकडून थेट वसूल करायची सोय कायद्यात आहे. तशी नोटीस त्या गिऱ्हाईकाला गेली आणि साडेसहा लाख तिथून आले. लेथ आणि ड्रिलिंग मशीनं लिलावात पाच लाखांना गेली. बँक म्हणाली, मशीनं आमच्याकडं तारण आहेत. पण पीएफचा हक्क तारणाच्याही आधी येतो हे सुप्रीम कोर्टानं 2009 मध्ये महाराष्ट्र स्टेट को-ऑपरेटिव्ह बँकेनं साखर कारखान्यांना दिलेल्या कर्जाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. साडेअकरा लाख असे मिटले. उरलेल्या 7 लाख 49 हजारांसाठी घरावर जप्ती आली, आणि ती लायसन्सवरच्या ऑक्युपायरच्या घरावर आली. दुसऱ्या डायरेक्टरच्या नाही.

म्हणून तुम्ही काय करायचं: नोटीस घेऊन बसून राहू नका. आधी बघा, की रक्कम ठरवणारा 7ए चा आदेश निघालाय का, आणि सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळाली होती का. बहुतेक वेळा ती कारखान्याच्या पत्त्यावर गेलेली असते, आणि कारखान्याला कुलूप. तुम्हाला न ऐकता एकतर्फी आदेश झाला असेल तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत करता येतो. आदेशावर अपील साठ दिवसांत बेंगळुरूच्या ट्रिब्युनलकडं. त्यात 75 टक्के रक्कम आधी भरायची अट असते, पण कारण पटलं तर ट्रिब्युनल ती कमी किंवा माफ करतं. तिथून पुढं धारवाडला हायकोर्ट.

आता राजीनामा. कंपनीला राजीनाम्याचं पत्र मिळालं त्या तारखेपासून, किंवा पत्रात पुढची तारीख दिली असेल तर तेव्हापासून, तुम्ही मोकळे. डायरेक्टर गेल्याचं कंपनीनं कळवायचा फॉर्म म्हणजे डीआयआर-12. दाजींनी तो भरला नसेल, तर कंपनी रजिस्ट्रारच्या नोंदीत तुम्ही अजून डायरेक्टरच दिसत असाल. राजीनामा दिल्याचं रजिस्ट्रारला कळवायला तुम्हाला स्वतःला डीआयआर-11 हा फॉर्म भरता येतो. त्याला राजीनाम्याचं पत्र आणि ते पोचल्याचा पुरावा जोडायचा, रजिस्टर्ड पोस्टाची पोच किंवा ईमेल. हातात दिलेलं पत्र आणि "दाजींना माहीत होतं" याला कुणी विचारत नाही. आणि राजीनामा मागच्या महिन्यांना लागू होत नाही. तुम्ही असतानाच्या चुकांची जबाबदारी राहते, असं कंपनी कायद्यातच लिहिलंय. म्हणून थकबाकीचे महिने एका कागदावर उतरवा आणि डिसेंबर 2019 च्या आधीचे कुठले, नंतरचे कुठले ते वेगळे करा. पूर्ण रकमेवर भांडण्यापेक्षा नंतरचे महिने वगळून मागणं सोपं असतं.

जीएसटीचा विषय उलट्या बाजूनं चालतो. सीजीएसटी म्हणजे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 89 प्रमाणे प्रायव्हेट कंपनीकडून कर वसूल झाला नाही, तर त्या काळातला प्रत्येक डायरेक्टर सगळ्या रकमेला जबाबदार, आणि वसुली न होण्यात आपली घोर हयगय, गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर नव्हती हे त्यानंच सिद्ध करायचं. इन्कमटॅक्सलाही 1961 च्या कायद्यात कलम 179 असंच होतं. इथं "मला काही माहीत नव्हतं" म्हणणं धोक्याचं, कारण माहीत करून न घेणं हीच हयगय ठरू शकते. ताळेबंदाच्या चालू देण्यांत "जीएसटी देय", "पीएफ देय" अशा ओळी असतात. त्याखाली तुमची सही आहे का, ते आधी बघा. सही असेल तर माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. कर भरा म्हणून दाजींना पाठवलेला एखादा ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज किंवा मीटिंगच्या इतिवृत्तात नोंदवलेली हरकत सापडली, तर मात्र तिची किंमत मोठी आहे. जुना फोन विकू नका.

शेवटी एक गोष्ट, जी घरातल्या घरात ठरवलेली असते. "सगळी देणी माझी, मेव्हण्याचा संबंध नाही" असं स्टँप पेपरवर दाजींनी लिहून दिलं असेल, तर पीएफ किंवा जीएसटीच्या अधिकाऱ्याला तो कागद बांधील नाही. पण तुमच्या खिशातून रक्कम गेली, तर दाजींकडून ती मागायला दिवाणी कोर्टात तोच कागद लागेल. बँकेला किंवा सोसायटीला वैयक्तिक जामीन दिला असेल, तर ते खातं पूर्ण वेगळं. तिथं डायरेक्टर असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही, तुम्ही जामीनदार म्हणून थेट देणेकरी आहात.