गणपतीमागे लावायला राजवाड्याचा मोठा फोटो, घरच्याच प्रिंटरवर

प्रश्न: यंदा घरच्या गणपतीमागे इंदूरच्या राजवाड्याचा चार फूट बाय तीन फूट फोटो लावायचा आहे. फोटो मोबाइलवर आडवा काढलेला आहे, घरी साधा ए४ इंकजेट प्रिंटर आहे. तुकड्यांत छापून जोडला तर फोटो फुटेल का? आणि जोड दिसू नयेत म्हणून काय करायचं?

उत्तर:

चार बाय तीनचा हट्ट थोडा सोडा, एवढंच आधी सांगतो. आम्ही रामबागेत असताना मीही याच मापाने सुरुवात केली होती आणि २८ कागद लागतील असं दिसलं. माप थोडं कमी केल्यावर तोच फोटो १८ कागदांत बसला.

हिशोब असा. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, पण साधा प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही. चारही बाजूंना ५ मिलिमीटर कोरे धरले तर छापायला २०० बाय २८७ उरतात. शेजारच्या दोन तुकड्यांवर चित्राची १० मिलिमीटरची पट्टी दोनदा यायला हवी, नाहीतर एकावर एक चढवायला जागाच राहत नाही. म्हणजे प्रत्येक कागद चित्र पुढे नेतो फक्त १९० बाय २७७ मिलिमीटर. चार फूट रुंदीला असे सात उभे कागद आणि तीन फूट उंचीला चार ओळी लागतात, आणि शेवटच्या रांगांतले कागद बरेचसे कोरेच जातात. त्याऐवजी सहा कागद रुंद आणि तीन उंच असं आधी ठरवा आणि चित्राचं माप त्यावरून काढा: ११० बाय ८२.५ सेंटिमीटर. भिंतीवर हा फरक कुणाला जाणवत नाही. तुमच्या प्रिंटरची कोरी कड वेगळी असेल, तेव्हा एक पूर्ण काळं पान छापून ती पट्टीने मोजा. बऱ्याच प्रिंटरांत खालची कड जास्त सुटते.

आता फुटण्याबद्दल. प्रिंटरच्या खोक्यावर लिहिलेला मोठा डीपीआय आकडा शाईच्या थेंबांचा असतो, तुमच्या फोटोचा नव्हे. फोटोचे पिक्सेल मोजा. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो देतो. ११० सेंटिमीटरवर ४००० पिक्सेल पसरले की एक पिक्सेल ०.२७५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे इंचाला सुमारे ९२. चांगल्या नजरेला एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. गणपतीसमोर आरतीला उभी माणसं त्याहून लांबच असतात, तेव्हा हा फोटो पुरेसा आहे. पण तोच फोटो चॅटवरून आला असेल, तर तो बहुतेक वेळा आकसून १६०० पिक्सेलच्या आसपास आलेला असतो. मग एक पिक्सेल जवळजवळ ०.७ मिलिमीटरचा होतो आणि दोन मीटरवरूनही सज्जांचं कोरीवकाम पुसट दिसतं. मागाहून पिक्सेल वाढवले तरी गेलेलं कोरीवकाम परत येत नाही. म्हणून मूळ फाइल मागवा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

खात्री करायची असेल तर फोटोतला दरवाजाजवळचा ७२७ पिक्सेल रुंदीचा तुकडा कापून तो २० सेंटिमीटर रुंद असा एका ए४वर छापा, भिंतीला लावा आणि खोलीच्या मधोमध उभं राहून बघा. अख्खा फोटो असाच दिसणार आहे. हा एक कागद वाचवू नका.

छापण्यासाठी मी लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये `Page Properties` मध्ये पानच ११० बाय ८२.५ सेंटिमीटरचं करतो, फोटो त्यावर पूर्ण पसरवतो आणि पीडीएफ काढतो. ती `Adobe Acrobat Reader` मध्ये उघडून प्रिंटच्या खिडकीत `Poster` निवडायचं. `Tile Scale` १००%, आणि `Overlap` मध्ये `0.4 in`, म्हणजे साधारण १० मिलिमीटर. तिथे आधीपासून असलेला आकडा अगदी नगण्य असतो. पहिल्या वेळी मी तो तसाच ठेवला आणि प्रत्येक जोडावर केसाएवढी पांढरी रेघ आली, १८ कागद वाया गेले. `Cut marks` आणि `Labels` वर खूण करा, म्हणजे कुठला तुकडा कुठला हे कागदावरच लिहून येतं. बाजूच्या चित्रात कागद उभे आहेत आणि १८ च आहेत ना, ते बघा. जास्त दिसले तर `Tile Scale` एखाद-दोन टक्के कमी करा.

पोस्टरमध्ये मधलाच एखादा तुकडा पुन्हा छापता येत नाही, कारण तिथला पानांचा आकडा पीडीएफच्या पानांचा असतो आणि आपलं पान तर एकच आहे. म्हणून आधी नोझल तपासणीचं पान काढा, आणि सगळे कागद एकाच बैठकीत, एकाच रिमचे वापरा. मध्येच शाई संपत आली तर अर्धा राजवाडा तांबूस आणि अर्धा निळसर दिसतो.

जोडताना पहिल्या कॉलमचे तुकडे सोडून प्रत्येकाची डावी कोरी कड कापायची, आणि पहिली ओळ सोडून प्रत्येकाची वरची. उजवी आणि खालची कड कापू नका. तिथली १० मिलिमीटरची दोनदा आलेली पट्टी आणि ५ मिलिमीटर कोरी कड मिळून गोंद लावायला दीड सेंटिमीटर जागा मिळते. कापायला पोलादी पट्टी आणि कटर घ्या, कात्रीने रेघ सरळ येत नाही. आधी आडव्या तीन पट्ट्या करा आणि मग त्या एकमेकींना जोडा. पट्टी एका टोकापासून जोडत गेलात तर प्रत्येक जोडावरची अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटचा तुकडा तिरका बसतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या तुकड्याचा जोड आधी करा आणि दोन्हीकडे जा.

तुकडे खिडकीच्या काचेवर धरले की खालची पट्टी आरपार दिसते. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. त्या लाकडी मजल्यांच्या आडव्या रेघा एका मिलिमीटरनेही सरकल्या तर डोळ्यांत येतात, तेव्हा जुळवणी त्यांच्यावर करा. मोकळ्या आकाशात जुळवायला काही नसतं आणि जोडही तिथेच सगळ्यात ठळक दिसतो. त्यामुळे शक्य असेल तर वरचं आकाश कमी करून फोटो ४:३ मध्येच पुन्हा कापा. बाजूनेही थोडा कापला जाईल आणि तेवढे पिक्सेल कमी होतील. पण ३६०० पिक्सेल उरले तरी एक पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचाच होतो, ते चालतं.

पातळ गोंद किंवा खळ वापरू नका, साधा ७५ जीएसएमचा कागद लगेच सुरकुततो. ग्लू स्टिक पुरते, मागून सेलोटेप. भाद्रपदातल्या दमट हवेत शाई भरलेला कागद फुगतो, म्हणून छापलेले तुकडे एक रात्र सुटे पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा. बऱ्याच घरगुती प्रिंटरांची रंगीत शाई पाण्याने पसरते, तेव्हा फोटो फुलं-दूर्वा शिंपडतो तिथून हातभर मागे लावा.