दादीच्या डब्यातली माती

‘अब्बा, नळाला पाणी होतं, दादीने तोंड, हात आणि एक पायसुद्धा धुतला, मग मध्येच मातीवर हात का मारले? शेजारच्या खाला म्हणाल्या की त्यांच्यात असं करत नाहीत.’

प्रिय सायरा, सलाम.

मस्कतहून फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून लिहितो. कढत डाळ सांडून दादीच्या उजव्या पावलाचा वरचा भाग भाजला आहे, आणि जखम उघडी ठेवा, पाणी लावू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. कुराणातील सूरह मायदाच्या सहाव्या आयतीत आजारी माणसाला आणि पाणी न मिळालेल्या प्रवाशाला नमाजेआधीच्या धुण्यासाठी, म्हणजे वजूसाठी, पाण्याऐवजी स्वच्छ माती वापरण्याची मुभा दिलेली आहे; हाच तयम्मुम. मात्र पाण्याने इजा वाढेल किंवा बरे होण्यास उशीर लागेल अशी खरी भीती असावी लागते. नुसते गार पाणी नकोसे वाटते हे कारण गीझर चालू असताना चालत नाही.

आपण कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या मताप्रमाणे चालणारे आहोत. शाफई फकीहांच्या मते जेवढे अंग धुता येते तेवढे धुवावे आणि जे राहिले त्याच्यापुरता तयम्मुम करावा, तोही वजूच्या क्रमात त्या अवयवाची पाळी आली की. म्हणून दादीने तोंड व हात धुऊन डोक्यावर ओला हात फिरवला, पिळलेल्या फडक्याने जखमेच्या कडेपर्यंतचे पाऊल ओले केले, आणि मग डबा उघडला. फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाज जायज व्हावी अशी नियत करून तिने पहिल्यांदा तळवे मातीवर टेकवून तोंडावर फिरवले, दुसऱ्यांदा अंगठी काढून, बोटे पसरून, कोपरापर्यंत हातांवर. त्यानंतर डावा पाय धुतला. जखम पायाला असली तरी माती तोंडाला आणि हातांनाच लागते, हे तुला चमत्कारिक वाटले असेल. मलाही लहानपणी वाटायचे.

खाला हनफी, म्हणजे दुसऱ्या इमामांच्या मताप्रमाणे चालणाऱ्या आहेत. त्यांच्याकडे बहुतेक अंग निरोगी असेल तर ते धुतात, जखमेवर ओला हात फिरवतात आणि तेही सोसत नसेल तर ती जागा सोडतात. धुणे आणि तयम्मुम एकत्र करत नाहीत. त्यांच्या मते दगडावर किंवा चुन्याच्या भिंतीवर, धूळ नसली तरी, तयम्मुम होतो. आपल्याला मात्र हाताला चिकटेल अशी धूळ लागते, त्यामुळे कौशातल्या आपल्या घराच्या ऑइल पेंटच्या भिंतीचा उपयोग नाही.

आणखी एक: दादीचा वजू दुपारनंतरच्या असरच्या नमाजेपर्यंत टिकला, तरी असरची वेळ झाल्यावर तिला तयम्मुम पुन्हा करावा लागेल, कारण आपल्याकडे एका तयम्मुमवर एकच फर्ज नमाज होते. धुतलेले अवयव पुन्हा धुण्याची गरज नाही.

पण गुरुवारी पाणीकपात आहे म्हणून तू डबा उघडू नकोस. आधी शेजारी विचारायचे, नेहमीच्या भावात बाटली मिळत असेल तर ती घ्यायची. हाताशी असलेले पाणी पिण्यापुरतेच असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही, पाणी एरवी मिळते अशा शहरात तयम्मुमवर केलेली नमाज शाफई मताप्रमाणे नंतर पुन्हा पढावी लागते. दादीला जखमेमुळे तशी पढावी लागणार नाही.

पावसात त्या डब्यातली माती दमट होऊन गोळा धरते आणि हाताला धूळ लागत नाही. ऊन पडले की ती कागदावर पसरून वाळव आणि चाळून पुन्हा भर.

तुझे अब्बा