ब्लिस्टरवरची चकाकी: आधी कॅमेऱ्याची जागा बघा

प्रश्न: ब्लिस्टर पॅकमधल्या पांढऱ्या गोळ्या कॅमेऱ्याने तपासतो. रिंग लाइट लावला की प्रत्येक पॉकेटवर चमकदार कडं दिसतं आणि कडेला तुटलेली गोळी सुटते. लाइट वर-खाली करून झाला. पोलरायझर लावला तर काम होईल का?

उत्तर: होईल, पण कॅमेरा फॉइल चिकटवण्याआधी लावणार असाल तर. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात मी हेच काम केलंय आणि पहिले पंधरा दिवस चुकीच्या जागी कॅमेरा लावून घालवले आहेत.

लाइट वर-खाली केल्याने ते कडं जात नाही, नुसतं सरकतं. घाटातल्या वळणावर फुगीर आरसा असतो ना, ज्यात दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो, तसं प्रत्येक पॉकेट आहे. लाइट कुठेही न्या, त्या फुगीर भागावरच्या कुठल्या तरी ठिकाणाहून त्याचं प्रतिबिंब लेन्समध्ये येणारच.

मी आधी डोम लाइट आणला. अख्खा घुमटच उजळ असल्यामुळे पॉकेटवर वेगळं कडं उरलं नाही. पण मागची फॉइलही त्या घुमटाने एकसारखी पांढरी झाली आणि पांढरी गोळी तिच्यात विरघळून गेली. चकचकीत फॉइलवरची छपाई वाचायची असती तर डोम उत्तम होता. इथे तो उपयोगाचा नव्हता.

मग पोलरायझर. एक फिल्म लाइटवर आणि दुसरा पोलरायझर लेन्सवर, पहिल्याशी काटकोनात. आरशासारखा परत आलेला प्रकाश आपल्या कंपनाची दिशा, म्हणजे ध्रुवीकरण, टिकवून येतो, म्हणून लेन्सवर अडतो. गोळीच्या भुकटीत शिरून विखुरलेला प्रकाश दिशा विसरतो, त्यातला साधारण अर्धा आत येतो. फॉइल काळी, गोळी उजळ. कागदावर तरी असंच.

आम्ही कॅमेरा सीलिंगनंतर, प्लास्टिकच्या बाजूने लावला होता. चकाकी बरीच गेली, पण पॉकेटच्या भिंतींपाशी उजळ चट्टे आले, नेमके गोळीच्या कडेला. कारण पॉकेटचं प्लास्टिक, पीव्हीसी. गरम करून ताणताना त्याचे रेणू ताणाच्या दिशेने लागतात आणि त्यातून फॉइलपर्यंत जाऊन परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलतं. पोलरायझर कितीही फिरवा, पॉकेट गोल असल्याने एकीकडे चट्टा विझतो आणि दुसरीकडे पेटतो. घरी बघायचं तर रिकामं ब्लिस्टर घ्या, फॉइल काढा, लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. गॉगल हळूहळू तिरका करत स्क्रीन काळी होईल तिथे थांबा, पॉकेटांच्या कडांना इंद्रधनुष्य दिसेल. (स्क्रीन काळी होतच नसेल तर गॉगलवाल्याने फसवलंय.)

म्हणून कॅमेरा फीडर आणि सीलिंगच्या मधे आणला. तिथे वरून पाहताना गोळीवर प्लास्टिक नसतं. खालून मॅट काळी पट्टी दिली. गोळीच्या कोटिंगची चकाकी क्रॉस पोलरायझरने गेली आणि तुटलेला कोपरा काळा खड्डा म्हणून दिसू लागला. शिवाय दोष सील व्हायच्या आधीच कळतो.

लावताना क्रम सांभाळा. लाइटनंतर डिफ्यूझर, मग पोलरायझर. उलटं केलं तर डिफ्यूझर ध्रुवीकरण मोडतो आणि पैसे वाया जातात. आमच्या फिटरने तसंच केलं होतं, मलाही अर्ध्या दिवसाने उमगलं. रिंग फार खाली आणू नका, पॉकेटच्या कडेची सावली गोळीवर पडते आणि ती तुटल्यासारखी दिसते. साध्या फिल्मसाठी इन्फ्रारेड लाइट घेऊ नका, तिथे ती नीट काम करत नाही.

खरी किंमत प्रकाशात मोजावी लागते. प्रत्येक फिल्म साधारण 40 टक्केच सोडते, म्हणजे दोन्ही मिळून गोळीकडून येणारा प्रकाश साधारण एक-षष्ठांश उरतो. आमचा पट्टा सेकंदाला 300 मिमी सरकायचा आणि एक पिक्सेल 0.1 मिमीचा होता. एक्स्पोजर 0.1 मिलीसेकंदावरून 0.6 वर नेलं तर गोळी तेवढ्यात 0.18 मिमी सरकते, जवळपास दोन पिक्सेल. बारीक कोपरा पुसला जातो. त्यामुळे अॅपर्चर f/8 वरून f/5.6 केलं, स्ट्रोबने लाइट तिप्पट केला आणि एक्स्पोजर 0.1 वरच ठेवलं. अॅपर्चर याहून उघडलं असतं तर पॉकेटच्या खोलीत फोकस पुरला नसता.

शेवटी लाइट बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो घ्या. पूर्ण काळा यायला हवा. आमचा आला नाही, वरची ट्यूबलाइट पट्टीवर दिसत होती. कॅमेऱ्याभोवती पत्र्याचं आवरण केल्यावरच दुपार-संध्याकाळच्या खोट्या रिजेक्टमधला फरक थांबला.