पगारवाढीचा अर्ज : आधी वाक्ये दुरुस्त करा

तुमचा मसुदा वाचला. आठ वर्षांचा अनुभव असल्याने मागणी रास्तच आहे. अडचण फक्त मांडणीची आहे. तुम्ही लिहिले आहे : ‘गेली आठ वर्षे लेखा विभागात काम करत असून माझे पगार २०२२ पासून वाढले नाही, तरी ते त्वरित वाढवण्यात यावेच.’

पहिली चूक लिंगाची. ‘वेतन’ नपुंसकलिंगी असले तरी ‘पगार’ पुल्लिंगी आहे, म्हणून ‘माझा पगार वाढला नाही’ असे हवे. दुसरी चूक ‘असून’ची : काम तुम्ही करता, पण वाक्याचा कर्ता पगार झाल्यामुळे लेखा विभागात पगारच राबतो आहे असे वाटते. इथे वाक्य सरळ तोडावे.

सूर मात्र शेवटच्या शब्दांत बिघडला आहे. ‘वाढवण्यात यावे’ ही वरिष्ठांच्या आदेशाची भाषा आहे, आणि त्याला जोडलेल्या ‘च’मुळे विनंतीचा इशारा होतो. उलट, ‘कृपया’ तीनदा लिहिल्याने सौम्यता येत नाही, लाचारी येते. असे लिहून पाहा :

‘मी गेली आठ वर्षे लेखा विभागात काम करीत आहे. २०२२ नंतर माझ्या वेतनात वाढ झालेली नाही. या काळात जीएसटी विवरणपत्रांची जबाबदारीही माझ्याकडे आली आहे. तरी माझ्या वेतनाचा फेरविचार व्हावा, ही विनंती.’

घरभाडे, मुलांची फी आणि सहकाऱ्याचा पगार अर्जात आणू नका. अपेक्षित आकडा समोरासमोरच्या चर्चेसाठी ठेवा.