अभिनंदन एका ओळीत

चि. भाऊ,

तुझ्या मेलचा मसुदा वाचला. नोकरीच्या मुलाखतीला दहा दिवस झाले, उत्तर नाही, आणि मध्येच कंपनीला गुंतवणूकदारांचा निधी मिळाल्याची बातमी आली. आठवण करावी की अभिनंदन, या घोळात तू चार ओळी "घवघवीत यश", "दूरदृष्टी" यांवर घालवल्यास आणि मुद्द्याचा प्रश्न तळाशी नेलास. अभिनंदन एका ओळीत, आणि ती ओळ तुझ्या कामाला जोडलेली. बस्स.

निधी म्हणजे बक्षीस नव्हे. मालकीतला वाटा देऊन घेतलेला पैसा आहे तो, आणि आता ठरलेल्या मुदतीत वाढ दाखवावी लागणार. मेल वाचणाऱ्या बाईंच्या डोक्यात माणसं कुठून आणायची हे चाललेलं असतं. तिथे रकमेचं कौतुक करून काय मिळणार? म्हणून बातमीचा मथळा सोड, कंपनीचं स्वतःचं निवेदन उघड आणि पैसा कशावर खर्च होणार ते वाक्य शोध. या कंपनीने रावेर-यावलला केळी खरेदी केंद्रं काढणार असं लिहिलंय. एवढं हाताशी असून तू दूरदृष्टीत शिरलास!

असं लिही:

"नमस्कार मॅडम, दहा दिवसांपूर्वीच्या मुलाखतीबद्दल विचारायचं होतं. निधीबद्दल अभिनंदन, त्यातून रावेर-यावलला खरेदी केंद्रं होणार असं निवेदनात वाचलं. सावद्याच्या पॅकहाउसमध्ये मी फण्या धुण्यापासून 13 किलोच्या पेट्या भरण्यापर्यंतचं काम पाहिलं आहे, त्यामुळे नव्या केंद्राची घडी बसवायला उपयोगी पडेन. माझ्या अर्जाचं पुढे काय ठरलं, हे या आठवड्यात कळू शकेल का?"

यात कौतुकाचं विशेषण एकही नाही. कंपनीचं नाव बदलून तेच वाक्य दुसरीकडे चाललं, तर ती खुशामत समज आणि खोड. "रावेर-यावल" दुसरीकडे चालत नाही, म्हणून ते टिकतं.

रक्कम लिहू नकोस. पगाराकडे डोळा आहे असं वाटतं. "आजच पैसे मिळाले" असंही नको, कारण पैसे कधी कधी आधीच आलेले असतात आणि जाहीर मागाहून होतं. बातमी महिनाभर जुनी असेल तर उल्लेखच गाळ. आणि निवेदनात तुझ्या कामाशी जुळणारं काहीच नसेल, तर "अभिनंदन" या शब्दावर थांब. ओढूनताणून जोडलेला धागा लगेच दिसतो, कितीदा सांगू!

निधीऐवजी नवं ॲप आलं असतं, तर ते आधी मोबाइलवर घेऊन वापरावं लागलं असतं. भाव पाहायचं पान मराठीत उघडतं, एवढं एक पाहिलेलं लिहिलं तरी पुरे. सापडलेली चूक त्याच मेलमध्ये सांगायची नाही, विचारल्यावर सांग.

मेल जुन्या धाग्यातच उत्तर म्हणून पाठव, विषय बदलू नकोस. "अभिनंदन!" असा नवा विषय टाकलास तर ती शुभेच्छांच्या ढिगात जाईल, आणि तुझा अर्ज शोधायला त्यांना पुन्हा खाली जावं लागेल.

तुझा,
काका