साध्या वाक्यात काय सुटतं

तू "सराफ्यात दिवे लागले तसं घर आजोबांपासून लांब लांब जायला लागलं" याचं साधं वाक्य "रात्र झाली, आजोबांना घर आठवलं" असं केलंस ना, त्यात आधी सराफा बाजारच गेला बघ. आपल्या इंदूरला माहितीये, सोन्याची दुकानं मिटली की तिथे खाण्याचे ठेले लागतात, म्हणजे माणसं जवळ येतायत आणि घर लांब जातंय, ही उलटी चाल नुसत्या रात्रीत येत नाही. दुसरं, मूळ वाक्यात हलतंय घर, आजोबा नाही. आता असं लिही: "गर्दी वाढली, आजोबा जागेवरच होते, घर दुरावतंय असं त्यांना वाटलं." हे बरंच जवळ आलं, पण "वाटलं" म्हटलं की तो भास ठरतो, मूळ वाक्य ते ठरवतच नाही, आठवण येतेय की विसर पडतोय तेही उघडं ठेवतं. तेवढं साध्या वाक्यात बसत नाही, म्हणून खाली दोन्ही अर्थ वेगळे लिहून ठेव, एक निवडू नकोस.